विजापूरची एक दिवसाची सहल: किरकोळ खर्च दिवसावर नको, थांब्यांवर मोजा

प्रश्न: "आम्ही सोलापूरचे, घरात सहा जण. दोघं आम्ही, आई-बाबा, मुलगी १६ वर्षांची आणि मुलगा ९ वर्षांचा. भाड्याची गाडी करून विजापूरला एक दिवस जायचं आहे, डिसेंबरात बदामी-हंपी. गाडी आणि जेवण धरून वर दहा टक्के ठेवतो, तरी दर वेळी दीड-दोन हजार जास्तच जातात. तिकिटं, कॅमेरा, गाईडची बक्षिशी असल्या बारीक गोष्टींसाठी दिवसाला नक्की किती धरायचे?"

तुमची गडबड त्या दहा टक्क्यांत आहे. गेली अठरा वर्षं मी सोलापुरातून लहान ग्रुपच्या सहली काढते. पहिली दोन-तीन वर्षं मीही असंच टक्केवारीने धरायची आणि दर वेळी पदरचे घालायची. किरकोळ खर्चाचा गाडीच्या भाड्याशी काही संबंध नसतो. रेल्वेने विजापूरला गेलात तर प्रवास अगदी स्वस्त पडेल, मग त्याचे दहा टक्के किती निघणार? पण गोलघुमटाचं तिकीट तेवढंच राहतं, चहा तेवढाच लागतो, उलट स्टेशनवरून रिक्षा वाढते. सहल जितकी स्वस्त, तितका त्यात किरकोळीचा वाटा मोठा.

दिवसावर मोजूनही तो नीट येत नाही. गाडी जिथे जिथे थांबते आणि माणसं खाली उतरतात, तिथे तिथे खिशात हात जातो. पार्किंग, तिकीट, चपला, स्वच्छतागृह, पाण्याची बाटली, मुलांचं कणीस. त्यामुळे मी थांबे मोजते. विजापूरचा एक दिवस आणि बदामी-पट्टदकल-ऐहोळेचा एक दिवस, दोन्ही एकेकच दिवस. पण विजापुरात तिकिटाचे थांबे दोन, म्हणजे मोठ्या माणसामागे ५० रुपये. बदामीची लेणी २५, ऐहोळे २५ आणि पट्टदकल जागतिक वारशात असल्यामुळे ४०. त्या दिवशी माणशी ९० होतात आणि गाडी तीन वेगळ्या गावांत लावावी लागते.

थांबे ठरले की प्रत्येक थांब्यावरचा खर्च कशामागे लागतो ते बघायचं. काही खर्च डोक्यामागे असतो, काही गाडीमागे आणि काही सगळ्या ग्रुपला मिळून एकदाच. हे तीन कप्पे वेगळे ठेवले नाहीत की हिशेब हमखास चुकतो. माझा एकदा चांगलाच चुकला होता. एका थंड हवेच्या ठिकाणी बावीस जणांना घेऊन गेले होते. तिथे गावात शिरताना प्रवासी कर घेतात हे मला ठाऊक होतं, पण मी तो गाडीमागे धरला होता. नाक्यावर माणसाने गाडीत डोकं घालून सीटा मोजायला सुरुवात केली तेव्हा माझ्या लक्षात आलं. माणशी वीसप्रमाणे ४४० रुपये माझ्या खिशातून गेले, कारण सहलीचा आकडा सगळ्यांना आधीच सांगून बसले होते.

आता तुमचीच विजापूरची सहल घेऊ.

डोक्यामागचा खर्च सगळ्यात सोपा, कारण तो फलकावर लिहिलेला असतो. गोलघुमट आणि इब्राहिम रोजा दोन्ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. भारतीयांना तिकीट २५ रुपये, गेटवरचा क्यूआर स्कॅन करून काढलं तर २०. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. म्हणजे मुलगा फुकट, मुलगी मात्र पूर्ण. तिकिटं पाच धरायची. गोलघुमट १२५, रोजा १२५. गोलघुमटासमोरच्या नगारखान्यात संग्रहालय आहे, त्याचं वेगळं ५ रुपये, म्हणजे २५. एकूण २७५. ऑनलाइन काढून पन्नास रुपये वाचतात, पण गेटवर नेटवर्क गेलं की आजोबा उन्हात उभे राहतात. मी आदल्या दिवशी घरून जमलं तर काढते, गेटवर भांडत बसत नाही. बारा कमान आणि मुलुख-मैदान तोफेला तिकीट नाही, दोन्हींचा मिळून मी एकच, तिसरा थांबा धरते.

सोबत परदेशी पासपोर्टवाला पाहुणा असेल तर हा कप्पा एकदम फुगतो. याच ठिकाणी परदेशी माणसाला ३०० आणि हंपीत ६०० रुपये पडतात. ओसीआय कार्ड असेल तर भारतीय दर लागतो, पण ते कार्ड जवळ हवं. अमेरिकेहून आलेल्या जावयाचं कार्ड घरी सुटकेसमध्ये राहिलं म्हणून पूर्ण पैसे भरलेले लोक मी पाहिले आहेत.

कॅमेऱ्याची भीती लोकांना उगाच जास्त असते. पुरातत्त्व खात्याच्या जागी साध्या फोटोला पैसे नाहीत, व्हिडिओ कॅमेऱ्याला २५ रुपये आहेत. मोबाईलवर फोटो-व्हिडिओ घेणाऱ्या घरच्या माणसांना मी तरी कुणी अडवलेलं पाहिलं नाही. अडवतात ते ट्रायपॉडला. त्याला आधी परवानगी लागते, गेटवर पैसे देऊन ती मिळत नाही. माझा भाचा मोठ्या हौसेने ट्रायपॉड घेऊन आला होता, तो दिवसभर गाडीच्या डिकीतच राहिला. कॅमेऱ्याचे पैसे खरे लागतात ते वनखात्याच्या जागी आणि खाजगी बागा-संग्रहालयांत. तिथे कुठे कॅमेऱ्यामागे घेतात, कुठे लेन्स बघून घेतात, तर कुठे मोबाईललाही सोडत नाहीत. अशा ठिकाणी जायचं असेल तर नकाशाच्या अ‍ॅपवर लोकांनी टाकलेले तिकीटखिडकीच्या फलकाचे फोटो बघा, आणि फोटो कधीचा आहे तेही बघा. दोन वर्षांपूर्वीच्या फलकावर विसंबून मी फसले आहे.

गाडीमागच्या खर्चात पार्किंग सगळ्यांना आठवतं. मी प्रत्येक थांब्याला ५० धरते, तीन थांब्यांचे १५०. पावती मागायचीच. छापील पावतीवर दर असतो. पावतीपुस्तक न दाखवता नुसता हात पुढे करणारा माणूस पार्किंगवाला असेलच असं नाही.

खरी ठेच लागते ती भाड्याच्या गाडीच्या बोलीत. आपल्याकडे बाहेरगावच्या गाडीला दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. विजापूर जाऊन-येऊन दोनशे, गावातले वीस, म्हणजे तुम्ही २२० फिरून ३०० चे पैसे देणार. किलोमीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात, तुमच्या दारापासून नाही. हे कळलं की माणसाला वाटतं, ऐंशी किलोमीटर वाया कशाला घालवायचे, आलमट्टीही करू. आलमट्टी धरलं की आकडा तीनशेच्या पुढे जातो आणि वरचा प्रत्येक किलोमीटर दराने लागतो. शिवाय एक थांबा वाढतो. पुन्हा पार्किंग, पुन्हा तिकीट, पुन्हा चहा.

गाडी ठरवताना मी एकच वाक्य मेसेजवर लिहून विचारते: "टोल, पार्किंग, कर्नाटकचं परमिट आणि ड्रायव्हरचा भत्ता धरून की सोडून?" उत्तरही लिहूनच घेते. पिवळ्या पाटीच्या गाडीला ऑल इंडिया परमिट नसेल तर कर्नाटकात शिरताना कर भरावा लागतो. तो कोण भरणार हे नाक्यावर ठरवायची वेळ आली की तो तुम्हीच भरणार हे समजून चाला. टोलला चोवीस तासांत परत आलात तर दोन्ही बाजू मिळून एकेरीच्या दीडपट पडतो, दुप्पट नाही. ड्रायव्हरने दुप्पट लावला तर फास्टॅगचा मेसेज दाखवायला सांगा. स्वतःच्या गाडीला टोलचा वार्षिक पास मिळतो, तो भाड्याच्या गाडीला चालत नाही. शेजाऱ्याने "टोल लागतच नाही" म्हणून सांगितलं तरी ते तुम्हाला लागू नाही.

आता ग्रुपमागचा खर्च, म्हणजे मुख्यतः गाईड. गोलघुमटाला मी गाईड करते, रोज्याला बहुतेक वेळा करत नाही. कारण सांगते. घुमटाच्या कोपऱ्यावरच्या सातमजली मनोऱ्यातून वर गेलं की आत गोल सज्जा आहे. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. गाईड तुम्हाला एका बाजूला भिंतीला कान लावून बसवतो, स्वतः समोर जातो आणि कागद हळूच फाडतो. तो चर्र आवाज कानाशी येतो. हे स्वतःच्या बळावर करायला गेलात तर कुठे बसायचं ते कळत नाही आणि बाकीची पोरं शिट्ट्या मारत असतात. सकाळी लवकर, शाळांच्या बसेस यायच्या आधी गेलात तरच हे नीट ऐकू येतं. दहानंतर नुसता गोंगाट, आणि त्याला गाईडचा इलाज नाही.

माझ्या अंदाजात गाईडचे ६०० असतात. यात घासाघीस होते, गर्दीच्या सुट्टीत वरही जातं. पैसे सांगताना तीन गोष्टी बोलून घ्या: हे सगळ्या ग्रुपचे की माणशी, वर सज्जापर्यंत येणार की खालूनच सांगणार, आणि शेवटी दुकानात नेणार का. तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत. गाईड फारच कमी पैसे सांगतो तेव्हा उरलेले तो दुकानाच्या कमिशनमधून काढणार असतो. तो वाईट माणूस आहे असं नाही, त्याचा धंदाच तसा बसलेला असतो. पण तुमचा एक तास जातो आणि आईला साडी आवडली तर बजेटचं बोलायलाच नको. "दुकान नको, त्याचे शंभर जास्त घ्या" असं मी सरळ सांगते, आणि बहुतेक वेळा गाईडलाही ते सोयीचं पडतं.

बक्षिशी मी आधी कबूल करत नाही. ठरलेले पैसे म्हणजे त्याची मजुरी. वर शंभर देते ते त्याने काही जास्तीचं केलं तर. तुमच्याकडे तशी वेळ येईल. आई-बाबांना त्या उंच पायऱ्या चढवणार नाहीत, ते खाली बागेत किंवा संग्रहालयात थांबतील. त्यांना आधी खाली दहा मिनिटं नीट सांगून मग तुम्हाला वर नेणारा गाईड मिळाला तर शंभर खुशीने द्या. आणि हो, बाबा वर जाणार नसले तरी तिकीट लागतंच, कारण ते आवाराचं आहे.

एक फसगत मात्र बघून ठेवा. एका किल्ल्यावर आमचा गाईड ठरलेला असताना मध्येच दुसरा माणूस आला, "इथून बघा, इथून फोटो चांगला येतो" करत दोन मिनिटं सोबत चालला आणि शेवटी बावीस जणांचे माणशी वीस मागायला लागला. आमचा गाईड दुसरीकडे बघत राहिला. तेव्हापासून गाईड ठरवतानाच सांगते, आत दुसरं कुणी काही दाखवलं तर ते तुमच्या पैशांतून.

टांग्याचंही तसंच. विजापुरात टांगा अजून दिसतो आणि तुमचा मुलगा हट्ट करणारच. टांगेवाला "पन्नास" म्हणाला तर ते पन्नास कसले? माणशी, एका ठिकाणापर्यंत की पूर्ण फेरीचे? आपल्या सोलापूरकरांना याचा एक फायदा आहे, घरात नाही तर गल्लीत तरी कुणी कानडी बोलणारं असतंच. "येष्टु?" एवढं विचारलं तरी पहिला आकडा जरा खाली येतो. मी टांग्याला ३०० धरते, सगळ्यांचे मिळून, एक फेरी.

उरलं ते चहा-पाणी, आणि यात सगळे कमी धरतात. सहा जणांचा एका थांब्यावरचा चहा-पाणी माणशी वीस धरा, १२० होतात. तीन थांब्यांचे ३६०. चपलांचे आणि स्वच्छतागृहाचे मिळून दिवसाचे १००. ड्रायव्हरचं जेवण १५० आणि रात्री घरी सोडल्यावर २०० हातावर. भत्ता गाडीच्या बोलीत धरला आहे असं गृहीत धरते.

आता बेरीज करा. तिकिटं २७५, पार्किंग १५०, गाईड आणि बक्षिशी ७००, टांगा ३००, चहा-पाणी ३६०, चपला वगैरे १००, ड्रायव्हर ३५०. एकूण २,२३५. तुमचे जास्तीचे जाणारे दीड-दोन हजार ते हेच. गाडी १४ रुपये किलोमीटरने धरली तर ३०० चे ४,२०० होतात, जेवण-नाष्टा १,५००. दोन्ही मिळून ५,७००, त्याचे दहा टक्के ५७०. प्रत्यक्षात किरकोळ खर्च जवळजवळ चाळीस टक्के निघाला. आणि ज्या तिकिटांची सगळ्यांना धास्ती असते ती त्यातला जेमतेम आठवा हिस्सा आहेत. गाईड, चहा आणि ड्रायव्हर या तिघांतच निम्म्याहून जास्त पैसे जातात.

यात कापायचं कुठे हे तुमच्यावर आहे. टांगा गाळता येईल, ड्रायव्हरचा हात आखडू नका. चहा-पाण्यावर एक जुना उपाय आहे: कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि पाण्याचा मोठा जार गाडीत. कडक भाकरी दिवसभर काही होत नाही आणि दुपारच्या जेवणाचाही निम्मा खर्च वाचतो. दुसरं, शेजारचं एखादं कुटुंब सोबत घ्या. गाईड आणि टांग्याचं बोलणं ग्रुपवर असतं, त्यामुळे बारा जणांत गाईडचे घरटी निम्मे होतात. तिकीट आणि चहा मात्र माणसांप्रमाणेच वाढणार, त्यात बचत शोधू नका.

मी बरोबर चटणीचं रिकामं पाकीट ठेवते, धुतलेलं, रबर लावलेलं. त्यात सगळे दहा, वीस आणि पन्नासचे, बाराशे-पंधराशे रुपयांचे. मोबाईलवरून पैसे जवळपास सगळीकडे जातात, पण चपला सांभाळणाऱ्या म्हातारीकडे क्यूआर नसतो, आणि पाचशेची नोट काढली की सुट्ट्यांच्या नावाखाली पन्नास सोडून यावे लागतात. पाकीट एकाच माणसाकडे द्या. तुमच्याकडे मी मुलीला देईन. सोळा वर्षांची आहे, एकेक खर्च फोनमध्ये लिहीलही. घरी आल्यावर पाकिटात काय उरलं आणि फोनमध्ये काय लिहिलं ते जुळवलं की पुढच्या सहलीचा अंदाज तुमचा तुम्हालाच काढता येईल, माझे आकडे लागणार नाहीत.

डिसेंबरचं थोडक्यात. बदामीच्या दिवसाला पाच तिकिटांचे ४५० आणि तिन्ही ठिकाणी पार्किंग. गाईड मी फक्त बदामीच्या लेण्यांना करीन, पट्टदकलला फलक वाचूनही भागतं. बदामीला माकडं हातातली पिशवी ओढतात, खाऊ गाडीतच ठेवा. हंपीत विठ्ठल मंदिर, कमल महालाचं आवार आणि कमलापूरचं संग्रहालय यांना मिळून ४० चं एकच तिकीट आहे, पण ते त्याच दिवशी चालतं. विठ्ठल मंदिर एका दिवशी आणि कमल महाल दुसऱ्या दिवशी केलंत तर पाच जणांचे २०० पुन्हा भरावे लागतील. म्हणून ही तिन्ही एका दिवसात बसवा आणि विरूपाक्ष मंदिर, नदीकाठ दुसऱ्या दिवशी ठेवा. विठ्ठल मंदिराला गाडी दूरच लावावी लागते, तिथून बॅटरीच्या गाडीचे वेगळे पैसे आहेत. आई-बाबा असल्यामुळे ते गाळू नका. तुळजापूर-अक्कलकोटसारख्या देवदर्शनाला हे गणित लावायला जाऊ नका. तिथे ओटी आणि दक्षिणा किती हे घरातली मोठी माणसं ठरवतात, आणि त्यांच्यापुढे माझं कधीच चाललेलं नाही.

विजापूरला शुक्रवारी जाणार असाल तर वरच्या हिशेबातून २५ वजा करा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं. मग आई-बाबांना बसायला बागेतली सावली आधी हेरून ठेवा.